14 हजार की साडेतीन लाख?
अर्धवट वहीतून नफा आणि ताळेबंद कसा काढायचा

डोंबिवली पूर्वेतल्या भाड्याच्या गाळ्यातलं तयार कपड्यांचं एक दुकान उदाहरणादाखल घेऊ. माल उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून उधारीवर येतो. दुकानदाराकडे उधारीची वही, पुरवठादारांची बिलं आणि बँकेचं पासबुक आहे. रोजमेळ नाही, खतावणी नाही. विक्री 40 लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीही नाही. प्रश्न एवढाच आहे, की 2024-25 या वर्षात नफा किती झाला?

पहिलं काम म्हणजे वर्षाच्या दोन टोकांना दुकानाचं काय होतं आणि लोकांचं किती देणं होतं, ते मांडणं. यालाच अवस्था विवरण म्हणतात.

| | 1 एप्रिल 2024 (₹) | 31 मार्च 2025 (₹) |
|---|---|---|
| मालसाठा | 4,20,000 | 4,80,000 |
| गिऱ्हाइकांकडून येणं | 60,000 | 90,000 |
| बँक व रोख | 1,00,000 | 82,000 |
| फर्निचर (10% घसारा वजा) | 1,00,000 | 90,000 |
| गाळ्याचं डिपॉझिट | 1,50,000 | 1,50,000 |
| एकूण मालमत्ता | 8,30,000 | 8,92,000 |
| पुरवठादारांचं देणं | 1,80,000 | 2,10,000 |
| मार्चचं थकलेलं भाडं | – | 18,000 |
| भांडवल | 6,50,000 | 6,64,000 |

भांडवल फक्त 14 हजारांनी वाढलं. पण हा नफा नव्हे. वर्षभरात मालकाने घरासाठी काढलेली रक्कम, म्हणजे उचल, त्यात मिळवावी लागते. पासबुकात घराच्या कर्जाचे महिना 20 हजारांचे हप्ते दिसतात, म्हणजे 2,40,000 रुपये. म्हणून नफा 2,54,000 रुपये. हे कर्ज घराचं आहे, म्हणून ते दुकानाच्या देण्यांत धरलेलं नाही.

आता नफा-तोटा पत्रक. त्यासाठी वहीत नसलेले आकडे शोधावे लागतात. गिऱ्हाइकांकडून वसूल झाले 3,10,000, आणि येणं 60 हजारांवरून 90 हजारांवर गेलं. म्हणजे उधारीची विक्री 3,40,000. पुरवठादारांना दिले 16,20,000, आणि देणं 30 हजारांनी वाढलं. म्हणजे खरेदी 16,50,000. सुरुवातीचा साठा मिळवून अखेरचा वजा केला, की विकलेल्या मालाची किंमत 15,90,000 येते.

रोख आणि यूपीआयची विक्री पैशांच्या हिशेबातून निघते. पुरवठादारांना दिलेले 16,20,000, अकरा महिन्यांचं भाडं 1,98,000, पगार 1,44,000, वीज-वाहतूक 72,000, हप्ते 2,40,000 आणि अखेरची शिल्लक 82,000 यांची बेरीज 23,56,000. त्यातून सुरुवातीची शिल्लक आणि उधारीची वसुली वजा केली, की 19,46,000 उरतात. एकूण विक्री 22,86,000. ढोबळ नफा 6,96,000. बारा महिन्यांचं भाडं, पगार, वीज-वाहतूक आणि घसारा मिळून खर्च 4,42,000. निव्वळ नफा पुन्हा 2,54,000.

दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर आलं म्हणून इथे थांबणं ही सर्रास होणारी चूक. ते जुळणारच होतं, कारण दोन्हीकडे उचलीचा तोच आकडा वापरला आहे. उचल चुकली, तर दोन्ही उत्तरं सारखीच चुकतात.

खरी तपासणी बाहेरून करायची असते. हे दुकान खरेदी किमतीवर सरासरी 50 टक्के चढवून विकतं. 400 चा शर्ट 600 ला. म्हणजे 15,90,000 च्या मालाची विक्री 23,85,000 च्या आसपास हवी. आपल्या पत्रकात ती 99 हजारांनी कमी आहे. मालकाला विचारल्यावर कळतं, की गल्ल्यातून दरमहा 8 हजार घरखर्चाला जातात आणि त्यांची नोंद कुठेच नाही. वर्षाचे 96 हजार उचलीत धरले, की उचल 3,36,000, विक्री 23,82,000, ढोबळ नफा 7,92,000 आणि निव्वळ नफा 3,50,000. उरलेला 3 हजारांचा फरक सवलतीत जाण्याइतका आहे.

फरक असा सुटला नाही, तर आधी साठा तपासावा. 31 मार्चचा माल खरेदी किमतीऐवजी लेबलवरच्या किमतीने मोजला, तर 4,80,000 चे 7,20,000 होतात आणि नफा 2,40,000 ने फुगतो. याची खूण म्हणजे चढवणीचा हिशेब 50 टक्क्यांच्या खूप वर जातो. घरी नेलेले कपडेही खरेदी किमतीने उचलीतच धरायचे.

आता ताळेबंद बसतो. सुरुवातीचं भांडवल 6,50,000, अधिक नफा 3,50,000, वजा उचल 3,36,000, म्हणजे 6,64,000. त्यात देणी 2,28,000 मिळवली, की 8,92,000. मालमत्तेची बेरीजही तीच.

पत्रक कितीही नेटकं केलं, तरी साठ्याची मोजणी आणि गल्ल्यातली उचल हे दोन आकडे नंतर कोणत्याही कागदातून सापडत नाहीत. म्हणून दुकानदाराने बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल, पण 31 मार्चच्या रात्री माल खरेदी किमतीने मोजावा आणि घरी नेलेली रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवावी.