बेंझिनपासून ॲनिलीन

बेंझिनच्या वलयावर प्रथम नायट्रो गट (NO₂) बसवून त्याचे क्षपण केल्यास ॲनिलीन हे ॲमीन मिळते. बेंझिनवर ॲमिनो गट (NH₂) सरळ बसविण्याची सोपी रीत नसल्यामुळे हा दोन टप्प्यांचा मार्ग अवलंबिला जातो. आइलहार्ट मिट्शरलिख यांनी १८३४ मध्ये नायट्रोबेंझिन तयार केले, तर निकोलाय झिनिन यांनी १८४२ मध्ये त्याचे क्षपण करून ॲनिलीन मिळविले.

== नायट्रोनियम आयन ==
बेंझिनच्या वलयाभोवती इलेक्ट्रॉनांचे स्थिर आवरण असते. त्यात शिरण्यासाठी इलेक्ट्रॉनांची तीव्र ओढ असणारा कण लागतो. नायट्रिक आम्लाचा रेणू त्या मानाने दुबळा ठरतो. संहत सल्फ्युरिक आम्ल अधिक तीव्र असल्यामुळे ते नायट्रिक आम्लाला प्रोटॉन देते. या मिश्रणात नायट्रिक आम्ल आम्लाची नव्हे, तर अल्कलीची भूमिका बजावते. प्रोटॉन मिळालेल्या रेणूतून पाणी निघून जाते आणि नायट्रोनियम आयन उरतो :

HNO₃ + 2H₂SO₄ ⇌ NO₂⁺ + H₃O⁺ + 2HSO₄⁻

ही अभिक्रिया उलट दिशेनेही घडते. मिश्रणात पाणी वाढले की नायट्रोनियम आयन नाहीसे होऊ लागतात. म्हणून दोन्ही आम्ले संहत असावी लागतात. हा आयन वलयातील इलेक्ट्रॉनांची एक जोडी घेऊन एका कार्बनशी जोडला जातो. त्यामुळे वलयाची स्थिरता तात्पुरती भंगते. त्याच कार्बनवरील हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने निघून गेला की ती पूर्ववत होते आणि नायट्रोबेंझिन तयार होते.

== नायट्रीकरणाची कृती ==
प्रयोगशाळेतील एका प्रचलित कृतीत ३५ मिलि. संहत नायट्रिक आम्लात ४० मिलि. संहत सल्फ्युरिक आम्ल मिसळून मिश्रण थंड करतात. त्यात २६ ग्रॅम बेंझिन थोडेथोडे घालून ढवळतात. अभिक्रिया उष्णता सोडते. म्हणून तापमान ५५° से.च्या वर जाऊ देत नाहीत. शेवटी मिश्रण सुमारे ६०° से.वर पाऊण तास ठेवतात. २६ ग्रॅम बेंझिनपासून तत्त्वतः ४१ ग्रॅम नायट्रोबेंझिन मिळावे. प्रत्यक्षात सुमारे ३२ ग्रॅम हाती येते.

अभिक्रिया एका गटावर थांबते याचे कारण त्या गटातच आहे. नायट्रो गट वलयातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, त्यामुळे दुसऱ्या नायट्रोनियम आयनाला वलयाशी जोडले जाणे अवघड जाते. तापमान हाताबाहेर गेल्यास मात्र हा अडसर पुरेसा ठरत नाही आणि मेटा स्थानी दुसरा गट बसून डायनायट्रोबेंझिन तयार होते. हा पदार्थ स्फोटक असल्यामुळे नायट्रोबेंझिनचे ऊर्ध्वपातन करताना पात्र कधीही कोरडे होऊ देत नाहीत.

== क्षपण ==
२५ ग्रॅम नायट्रोबेंझिन, ४५ ग्रॅम कथिलाचे कण आणि १०० मिलि. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन क्षपण करतात. कथिल इलेक्ट्रॉन देते व आम्ल प्रोटॉन पुरविते. नायट्रो गटातील दोन्ही ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात. सुरुवातीला अभिक्रिया जोरदार असते, म्हणून आम्ल टप्प्याटप्प्याने घालतात. नायट्रोबेंझिनचा कडू बदामासारखा वास जाणे आणि मिश्रणाचे काही थेंब पाण्यात टाकले असता तेलकट थेंब न उरता स्वच्छ द्रावण होणे, ही क्षपण पूर्ण झाल्याची खूण होय.

या क्षणी पात्रात मोकळे ॲनिलीन नसते. ते आम्लाशी संयोग पावून क्षाराच्या रूपात असते. म्हणून भरपूर सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. त्याने ॲनिलीन मोकळे होते. कथिलाचे हायड्रॉक्साइड आधी अवक्षेपित होऊन नंतर बव्हंशी विरघळते. मग वाफेच्या साहाय्याने ॲनिलीन वेगळे काढतात. तत्त्वतः १९ ग्रॅमच्या आसपास अपेक्षित असताना सुमारे १७ ग्रॅम मिळते. आंत्वान बेशां यांनी १८५४ मध्ये कथिलाऐवजी लोखंड वापरण्याची स्वस्त रीत शोधली. आज उद्योगात बहुतांशी उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन वापरतात.

== टप्प्यांचा क्रम ==
क्षपणानंतर वलयाचा स्वभाव पालटतो. नायट्रो गट इलेक्ट्रॉन खेचतो, तर ॲमिनो गट ते वलयाला देतो. म्हणून नायट्रोबेंझिनवर नवा गट मेटा स्थानी बसतो, तर ॲनिलीनवर ऑर्थो व पॅरा स्थानी. मेटा-क्लोरोॲनिलीन हवे असल्यास क्लोरीन क्षपणापूर्वीच बसवावे लागते. पॅरा-नायट्रोॲनिलीनसाठीही ॲनिलीनवर सरळ मिश्र आम्ल वापरत नाहीत. तसे केल्यास काही ॲनिलीनचे ऑक्सिडीकरण होऊन डांबरासारखा पदार्थ बनतो आणि आम्लात क्षाररूप झालेल्या भागापासून मेटा-नायट्रोॲनिलीनही मिळते. म्हणून ॲमिनो गट ॲसिटिल गटाने झाकून नायट्रीकरण करतात आणि नंतर ते आवरण काढतात.

== धोके ==
नायट्रोबेंझिन व ॲनिलीन दोन्ही त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्तातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवितात; ओठ व नखे निळसर पडणे हे त्याचे लक्षण होय. बेंझिन कर्ककारक आहे. त्यामुळे ही कृती धूर शोषणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करतात.