लघवीची धार बारीक होते तेव्हा : दोन गोळ्या, दोन वेगळी कामे

साठीच्या आसपास अनेक पुरुषांची लघवीची धार बारीक होते. सुरू व्हायला वेळ लागतो, कुथावे लागते, शेवटी थेंब थेंब गळत राहते आणि पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. रात्री तीन-चार वेळा उठून वस्तीच्या शौचालयापर्यंत जावे लागते, म्हणून काहीजण संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. लाजेने घरातही बोलत नाहीत.

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते आणि तिच्या मधून लघवीची नळी जाते. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते. वयाबरोबर ती वाढते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण त्यामुळे नळी दोन प्रकारे अडते. ग्रंथीतले आणि पिशवीच्या तोंडाचे स्नायू नळीला आवळून धरतात, ही पहिली अडचण. वाढलेले मांस नळीवर दाब देते, ही दुसरी. म्हणूनच औषधेही दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार अल्फा ब्लॉकर. टॅमसुलोसिन ही त्यातली नेहमीची गोळी. ती आवळलेले स्नायू सैल करते. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत धार सुधारते. मात्र ग्रंथी तेवढीच राहते आणि गोळी बंद केली की त्रास परततो. या गोळीने उठताना रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, विशेषतः सुरुवातीला. माळ्यावर झोपणाऱ्याने आधी दोन मिनिटे बसावे, मगच शिडी उतरावी. वीर्य कमी येऊ शकते. त्याने अपाय होत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर ही गोळी घेतो किंवा पूर्वी घेत होतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे.

दुसरा प्रकार फिनास्टेराइड. शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून आणखी जोरकस संप्रेरक तयार होते आणि त्याच्या जोरावर ग्रंथी वाढते. फिनास्टेराइड ते तयार होणेच कमी करते. मग ग्रंथी हळूहळू आक्रसते, साधारण पाचवा हिस्सा ते पाव भाग. त्याला सहा महिने किंवा जास्त काळ लागतो. ग्रंथी मोठी असेल तरच या गोळीचा खरा उपयोग होतो. काहींची कामेच्छा कमी होते, ताठरता कमी होते किंवा छातीला सूज येते. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ६४ वर्षांच्या काकांच्या सोनोग्राफीत ग्रंथी ५५ ग्रॅम निघाली आणि लघवी झाल्यावरही पिशवीत ८० मिली लघवी उरली. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवसांत धार सुधारली. दोन महिन्यांनी पैशाची ओढाताण झाली, तेव्हा काकांनी फिनास्टेराइड सोडली. त्यांना वाटले, आराम तर पहिल्याच गोळीने पडला, दुसरीचा काय उपयोग? पण दुसरीचे काम तेव्हा नुकते सुरू झाले होते. ती सोडल्यावर ग्रंथी वाढत राहते. टॅमसुलोसिनमुळे धार बरी वाटते, म्हणून ते लक्षात येत नाही. मोठ्या ग्रंथीत लघवी अचानक तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा धोका फिनास्टेराइड कमी करते. एकट्या टॅमसुलोसिनकडून ते होत नाही. पैसे कमी असतील तर स्वतः गोळी न निवडता डॉक्टरांना विचारा : माझी ग्रंथी किती मोठी आहे, आणि कोणती गोळी सोडून चालेल?

फिनास्टेराइडबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहा महिने ते वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्मा दिसू लागतो. अहवालात ३ आला तर तो जवळपास ६ धरावा लागतो. गोळीची माहिती दिली नाही तर कॅन्सरची शंका नजरेतून सुटू शकते. दुसरे, फुटलेल्या गोळीला गरोदर सुनेचा किंवा मुलीचा हात लागू देऊ नका. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियात दोष राहू शकतो.

धार बारीक होण्याची कारणे इतरही असतात, म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. आधी लघवी, साखर, सोनोग्राफी आणि डॉक्टरांची बोटाने तपासणी होऊ द्या. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, त्याही विचारूनच घ्या. आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, जोराची लागूनही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. तेव्हा कोणतीही गोळी उपयोगाची नाही, नळी घालून लघवी काढावी लागते. लघवीतून रक्त आले किंवा थंडी वाजून ताप आला तरीही त्याच दिवशी दाखवा.