‘आजची मासळी’ आणि ताजी मासळी

बारामतीच्या मंडईत किंवा इंदापूरच्या बाजारात मासळीच्या पाटीपुढे उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मावशी, मासा आजचा आहे ना?” आणि उत्तरही ठरलेले असते, “आजचाच हाय वहिनी, सकाळीच जाळ्यातनं काढलाय.” बहुतेक वेळा हे उत्तर खरेच असते. तरीही त्या मासळीने घरी गेल्यावर निराशा होऊ शकते. कारण मासा जाळ्यातून कधी काढला हे एक आणि तो मेला कधी हे दुसरे. ताजेपणा मोजायचा तो मेल्या वेळेपासून, आणि ती वेळ विकणाऱ्या मावशीलाही ठाऊक नसते. ती माशालाच विचारावी लागते. कसे, ते आज पाहू.

आपल्या भागातली गोड्या पाण्याची मासळी मुख्यतः उजनीची. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले आणि त्याचे पाणी इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांत पसरले. या यशवंतसागर जलाशयातली चिलापी, रोहू, कटला ही मासळी भिगवण आणि इंदापूरच्या लिलावात येते व तिथून आपल्या गावच्या बाजारापर्यंत पोचते. मासेमार बांधव बहुधा संध्याकाळी होडीतून जाळी लावून येतात आणि पहाटे काढतात. मासा जाळ्याच्या डोळ्यात कल्ल्यापाशी अडकतो. सुटण्यासाठी धडपडतो, त्याला श्वास घेता येत नाही आणि थोड्या वेळात तो पाण्यातच मरतो.

आता एक उदाहरण घेऊ. जाळे संध्याकाळी सहाला लावले आणि पहाटे पाचला काढले. त्यात दीड-दीड किलोचे दोन रोहू निघाले. पहिला साडेचारला अडकला होता, दुसरा रात्री आठलाच. सकाळी आठ वाजता दोघे एकाच पाटीत शेजारी पडलेले आहेत. तिसरा रोहू काल दुपारी पकडून लगेच बर्फात घातलेला आहे. तीन माशांत ताजा कोणता?

याचा हिशेब उष्णतेवर आहे. मासा मेला की त्याच्या अंगातले पाचक रस आणि कल्ल्यांतले, पोटातले, कातडीवरचे जंतू कामाला लागतात. बर्फात त्यांचे काम फार मंद चालते, उबेला झपाट्याने चालते. पाणी किंवा हवा 25 अंशाच्या आसपास असेल, तर तिथे घालवलेला एक तास हा बर्फातल्या साधारण अर्ध्या दिवसाइतका धरावा. या मापाने दुसरा रोहू नऊ तास पाण्यात आणि तीन तास पाटीत, म्हणजे बर्फात सहा दिवस काढल्यासारखा झाला. पहिला पावणेदोन दिवसांचा झाला. आणि ‘कालचा’ म्हणून आपण नाक मुरडतो तो तिसरा अजून एक दिवसाचाही नाही! नीट बर्फात ठेवलेला रोहू साधारण दोन आठवडे खाण्याजोगा राहतो, म्हणून दुसरा मासाही सकाळी आठला नासलेला नसतो. पण त्याचे आयुष्य बरेच संपलेले असते. उन्हाळ्यात बर्फावाचून दुपारपर्यंत पाटीत राहिला तर तो बाद झालाच म्हणून समजा.

हे तिघे वेगळे ओळखायला चार खुणा आहेत. त्या याच क्रमाने पाहाव्यात.

डोळे

ताज्या माशाचा डोळा बाहेर फुगलेला, काचेसारखा स्वच्छ आणि मधली बाहुली काळीभोर चकचकीत असते. वेळ जाईल तसा डोळा आधी सपाट होतो, मग बाहुली करडी होऊन वर दुधी पडदा येतो आणि शेवटी डोळा खोबणीत बसतो. डोळा लांबूनच दिसतो, म्हणून पाटीतला मासा निवडायला तो बरा. मात्र निकाल त्याच्यावर देऊ नये. बर्फाचा खडा डोळ्याला टेकून राहिला तर चांगल्या माशाचा डोळाही पांढुरका होतो. म्हणून दोन्ही बाजूंचे डोळे पाहावेत. एकच पांढुरका असेल तर बहुधा ती बर्फाची करणी. दोन्ही दुधी आणि बसलेले असतील तर मासा जुना. जाळ्यात धडपडलेल्या माशाच्या डोळ्यात रक्त उतरलेले दिसते, तेवढ्यावरून तो शिळा ठरवू नये.

कल्ले

चारी खुणांत भरवशाची खूण हीच. कल्ल्यावरचे झाकण अंगठ्याने उचला. ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात, त्यांच्या कंगव्यासारख्या पात्या सुट्या दिसतात आणि त्यांवरचा चिकटा पातळ व पारदर्शक असतो. पुढे लाल रंग तपकिरी होत जातो, पात्या एकमेकींना चिकटतात, चिकटा दाट आणि गढूळ होतो. शेवटी कल्ले करडे होऊन त्यांना घाण येते. कल्ल्यात रक्त भरपूर असते आणि जंतूही तिथे आधीपासून असतात, म्हणून बिघाड इथे लवकर कळतो.

इथेही एक फरक ध्यानात ठेवा. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कल्ले धुतले जातात आणि फिकट गुलाबी होतात. आपला तिसरा रोहू असाच दिसेल. रात्रभर पाण्यात मरून पडलेल्या दुसऱ्याचेही कल्ले फिकेच असतील. मग ओळखायचे कसे? रंग सोडा आणि चिकटा पाहा. दोन बोटांत घेऊन चोळा. पातळ, स्वच्छ आणि बिनवासाचा असेल तर मासा चांगला. दाट, तारा सुटणारा आणि वासाचा असेल तर तो खाली ठेवा. कल्ले संशय यावा इतके लाल दिसले तर ओल्या बोटाने पुसा. लाली बोटाला लागून खालचा रंग मातकट निघाला, तर ती वरून चोळलेली आहे.

वास

वास माशाच्या पाठीचा घेऊ नये. पाटीवर सारखे पाणी शिंपडलेले असते, त्यात तो धुऊन जातो. वास घ्यावा कल्ल्याच्या झाकणाखाली आणि पोटाच्या शेवटी विष्ठेच्या छिद्रापाशी. ताज्या नदीच्या माशाला पाण्याचा, शेवाळाचा मंद वास असतो. आंबूस, गोमूत्रासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर पुढे काही पाहायचे कारण नाही.

दोन ठिकाणी नाक फसते. समुद्राची मासळी शिळी होऊ लागली की तिचा उग्र ‘मासळी वास’ सुटतो, कारण तो ज्या पदार्थापासून तयार होतो तो तिच्या अंगात भरपूर असतो. गोड्या पाण्याच्या बहुतेक माशांत तो फारच थोडा असतो. म्हणून बांगडा-बोंबलावर तयार झालेल्या नाकाला शिळा रोहू ‘काही वास नाही, चांगला आहे’ असा वाटू शकतो. उलट, उजनीच्या किंवा शेततळ्याच्या माशाला पुष्कळदा चिखलाचा वास येतो, आणि लोक त्याला शिळा म्हणून टाकतात. तो वास पाण्यातल्या शेवाळाकडून व सूक्ष्म जंतूंकडून माशाच्या मांसात जिवंतपणीच उतरलेला असतो. त्याचा ताजेपणाशी संबंध नाही. तुकड्यांना चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून अर्धा तास ठेवले की आंबटपणाने तो बराच उतरतो. आपल्या कालवणात चिंच पडते ती उगीच नव्हे.

मांसाचा घट्टपणा

मासा मेल्यावर थोड्या वेळाने ताठतो. डोक्याकडून हातात आडवा धरला तर शेपूट खाली लोंबत नाही. असा ताठा हे ताजेपणाचे उत्तम प्रमाण. बर्फात तो दिवसभर वा जास्तही टिकतो, उबेत काही तासांत उतरतो. जाळ्यात धडपडून दमलेल्या माशात तर तो लवकर येऊन लवकर जातो. आपल्या तिघांत दुसरा रोहू हातात घेतला की मधोमध वाकेल, हाच त्याचा पुरावा.

ताठा उतरला म्हणजे मासा वाईट झाला असे मात्र नाही. मग पाठीच्या जाड भागावर अंगठा दाबा. खळगा लगेच भरून आला तर मासा घ्यावा, रेंगाळला तर पडक्या भावाने आणि लगेच शिजवायचा असेल तर घ्यावा, बोटाचा ठसा तसाच राहिला तर घेऊ नये. त्यानंतर पोट दाबा. आतड्यातले पाचक रस पोटाची भिंत आधी विरघळवतात, म्हणून पाठ घट्ट असूनही पोट लिबलिबीत किंवा फुटलेले असू शकते. बर्फात गोठून कडक झालेला मासा ताठ आहे असे समजू नका. गोठलेल्या माशात बोट रुततच नाही, त्याची परीक्षा वितळल्यावरच होते.

तुकडे करताना समोर उभे राहा. पोटाच्या आत काटे मांसाला घट्ट धरून असतील आणि कण्यालगतचे रक्त लाल असेल तर निवड बरोबर झाली. काटे आपोआप सुटून वर येत असतील, रक्त तपकिरी असेल, तर मासा जुना आहे आणि तसे तिथेच सांगता येते. डोके आधीच कापलेला मासा शक्यतो घेऊच नये. डोळे आणि कल्ले त्याच्याबरोबर गेले, चारातल्या दोन खुणा संपल्या.

खुणा कुठे अपुऱ्या पडतात

या चार खुणा मासा किती जुना ते सांगतात. तो कसल्या पाण्यात वाढला, पाण्यात कारखान्याचे काही मिसळले होते का, ते त्या सांगत नाहीत. दुसरी गोष्ट बांगड्याची. किनाऱ्यावरून आपल्याकडे येईतो तो मध्ये कुठे बर्फावाचून राहिला, तर त्याच्या मांसात एक त्रासदायक द्रव्य तयार होते. ते डोळ्याला दिसत नाही, पुन्हा बर्फात घातल्याने जात नाही आणि शिजवल्यानेही नाहीसे होत नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते, मग तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. अशी चुणचुण लागली तर ताट बाजूला सारावे आणि त्रास झाला तर डॉक्टरांकडे जावे. बांगडा घेताना चार खुणांच्या आधी पेटीत बर्फ आहे का ते पाहावे.

आणि शेवटी तासांचा तोच हिशेब आपल्यालाही लागू आहे. सकाळी पारखून घेतलेला मासा पिशवीत घालून दिवसभर बाजार केला, तर संध्याकाळी चुलीवर चढतो तो दुसरा रोहूच. मासळी सगळ्यात शेवटी घ्या, पाच-दहा रुपयांचा बर्फ मागून घ्या आणि घरी पोचताच पोट साफ करून, धुऊन, मीठ-हळद लावून शिजवायला घ्या.