वर चिकटवलेला माल आणि क्रमवारीचे गणित

आपल्यापैकी बरेच व्यापारी आता स्वतःच्या संकेतस्थळावर माल विकतात. तिथे ग्राहकाने "सफेद कुर्ता" असे शोधले, की कोणता नग आधी दिसेल हे बहुधा संगणकाचे गणित ठरवते. पूर्वी लोकांनी काय पाहिले आणि काय विकत घेतले, यावरून ते क्रम लावते. या गणितावर मालकाचा हुकूमही चालतो. एखादा नग पहिल्या जागी कायम ठेवता येतो, याला पिन करणे म्हणतात. नको असलेला तळाशी ढकलता येतो.

हा हुकूम कधी द्यावा? गणिताला जे ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक असेल तेव्हा. ईदचा नवा माल आला, तर त्याच्या विक्रीचा इतिहासच नसतो. गणित त्याला मागे ठेवते, मागे असल्याने तो कोणी पाहत नाही, आणि इतिहास काही तयार होत नाही. असा नग पिन करणे योग्यच. ज्याचे एकच माप उरले आहे, तो खाली ढकलणेही रास्त.

पडून राहिलेला माल वर चिकटवण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. समजा, निम्म्या ग्राहकांना पिन केलेली यादी दाखवली आणि निम्म्यांना गणिताची. दोन्हीकडे 1000 शोध झाले. पिनच्या बाजूला 30 नग विकले गेले. त्यात पडीक 10, नफा नगामागे 200 रुपये. इतर 20, नफा 120 रुपये. एकूण 4400. दुसऱ्या बाजूला 36 नग गेले, त्यात पडीक फक्त 2. नफा 4480. म्हणजे 80 रुपये सोडून आठ पडीक नग निघाले, पण सहा विक्री कमी झाल्या. गोदाम रिकामे करायचे असेल तर सौदा वाईट नाही. नफ्यासाठी पिन केले असेल तर तोटा आहे. मात्र सहाचा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून दोन्हीकडे काहीशे विक्री होईपर्यंत निकाल धरू नये.

यात एक फसवणूक दडलेली असते. पहिल्या जागेवरच्या नगावर लोक बोट ठेवतातच, कारण तो पहिला दिसतो. हे क्लिक गणिताच्या शिकवणीत गेले, तर पिन काढल्यावरही तो नग वरच राहतो. म्हणून क्लिक न मोजता विक्री पाहावी, आणि पिनमुळे आलेले क्लिक शिकवणीतून वगळण्यास संगणकवाल्याला सांगावे.

दुसरी चूक शब्दाची. हुकूम नुसत्या "कुर्ता" शब्दाला जोडला, तर "मुलांचा कुर्ता" शोधणाऱ्यालाही मोठ्यांचा कुर्ता आधी दिसतो. हुकूम पूर्ण शब्दसमूहालाच जोडावा.

आमचे मत असे, की प्रत्येक हुकमाशेजारी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कारण, शेवटची तारीख, आणि कोणत्या शब्दांसाठी तो आहे. ईदचा पिन ईद झाली की निघालाच पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर क्रम गणितावर सोडावा.