टीव्ही नव्हे, सेट-टॉप बॉक्स खातो वीज! भिंतीवरचे बटण कधी बंद करावे?

रिमोटने टीव्ही बंद केला, तरी त्याखालचा लाल दिवा सुरूच असतो. त्यामुळे वीज टीव्हीच खातो, असा समज होतो. प्रत्यक्षात मोठा खर्च शेजारच्या डब्याचा असतो.

नेमकी किती वीज जाते?

बहुतेक नवे एलईडी टीव्ही स्टँडबायवर अर्ध्या वॉटच्या आसपास वीज घेतात. सेट-टॉप बॉक्सचे तसे नाही. रिमोटने तो बंद केला, तरी अनेक बॉक्समध्ये आतला ट्यूनर आणि छत्रीला जाणारा वीजपुरवठा सुरूच राहतो. म्हणून स्टँडबायवरही तो चालू असतानाइतकीच वीज घेऊ शकतो.

समजा, घरात टीव्ही दिवसाला ५ तास चालतो. उरलेल्या १९ तासांत १० वॉटचा बॉक्स १९० वॉट-तास, म्हणजे महिन्याला ५.७ युनिट वीज वापरतो. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाचे सुमारे ६८० रुपये होतात. तेवढ्याच वेळात टीव्ही महिन्याला जेमतेम ०.३ युनिट घेतो.

आपल्या घरी कसे तपासाल?

वीजमीटरवर 3200 imp/kWh असे काही लिहिलेले असते. म्हणजे एका युनिटला मीटरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रीज, इन्व्हर्टर, चार्जर सगळे बंद करून फक्त स्टँडबायवरचा बॉक्स सुरू ठेवा आणि दोन लुकलुकींमधला वेळ मोजा. हे अंतर ११२ सेकंदांच्या आसपास असेल, तर बॉक्स १० वॉट घेतो आहे. अंतर याच्या दुप्पट आले, तर वापर निम्मा. मीटरवरचा आकडा वेगळा असेल, तर हिशेबही बदलेल.

राउटरचे काय?

राउटरला स्टँडबाय नसतोच. ८ वॉटचा राउटर रात्री ८ तास बंद ठेवला, तर महिन्याला जेमतेम २ युनिट वाचतात. मात्र घरात वायफाय कॅमेरा किंवा फायबरवरचा लँडलाइन असेल, तर तोही बंद पडतो. अशा घरात राउटर सुरू ठेवलेलाच बरा. त्यासाठी तो टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर न लावता वेगळ्या सॉकेटवर लावा.

बटण कधी बंद करावे?

रात्री झोपताना आणि घर दिवसभर रिकामे असताना बॉक्सचे बटण बंद करणे फायद्याचे. दोन मालिकांमधल्या तासाभरासाठी त्याची गरज नाही, कारण बॉक्स पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे लागू शकतात. रेकॉर्डिंग लावले असेल किंवा पडद्यावर अपडेट सुरू असल्याचा संदेश दिसत असेल, तर वीज तोडू नका.

ओएलईडी टीव्ही मात्र रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्येच पडद्याची देखभाल करतो. त्यामुळे त्याचे बटण लगेच बंद करू नका. तो स्टँडबायवरच राहिला, तरी बिलात फारसा फरक पडत नाही.