आधी नितळ, मग दुधाळ

रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखे नितळ असते. टोचल्यावर अर्ध्या तासात त्याचा परिणाम सुरू होतो आणि दोन ते चार तासांत तो सर्वाधिक असतो. एनपीएच हे दुसरे इन्सुलिन दुधाळ दिसते. त्यात प्रोटामिन नावाच्या प्रथिनाशी बांधलेल्या इन्सुलिनचे बारीक स्फटिक असतात. ते त्वचेखाली सावकाश विरघळत असल्याने परिणामाचा जोर चार ते दहा तासांनी येतो. एक जेवणासाठी आणि दुसरे पुढच्या तासांसाठी, म्हणून डॉक्टर काही रुग्णांना दोन्ही एकाच वेळी घ्यायला सांगतात. ही दोन एका सिरिंजमध्ये भरता येतात, म्हणजे दोनदा टोचावे लागत नाही.

भरताना नितळ इन्सुलिन आधी घ्यायचे. उलट केले, तर सुईला लागलेले एनपीएच रेग्युलरच्या बाटलीत जाते. त्यातले प्रोटामिन तिथल्या जलद इन्सुलिनला बांधून मंद करू शकते. एका वेळी जाणारा अंश नगण्य असतो, पण तीच बाटली कित्येक दिवस चालते आणि अंश साचत जातो. मग जेवणानंतरची साखर का आटोक्यात येत नाही, हे कळत नाही. रेग्युलरची बाटली किंचित जरी धूसर दिसली, तरी ती टाकून द्यावी.

समजा, डॉक्टरांनी रेग्युलर ६ आणि एनपीएच १४ युनिट लिहून दिले आहे. हात धुऊन एनपीएचची बाटली दोन तळव्यांमध्ये हलकेच दहा-वीस वेळा फिरवावी. जोराने हलवल्यास फेस येतो, आणि न फिरवल्यास तळाशी बसलेले स्फटिक मिसळत नाहीत, त्यामुळे रोजचा डोस वेगवेगळा पडतो. दोन्ही रबरी बुचे स्पिरिटने पुसून वाळू द्यावीत. सिरिंजमध्ये १४ युनिट हवा ओढून ती एनपीएचच्या बाटलीत सोडावी. सुईचे टोक औषधाला लागू न देता, काहीही न ओढता ती बाहेर काढावी. मग ६ युनिट हवा रेग्युलरच्या बाटलीत सोडून बाटली उलटी करावी आणि ६ युनिट ओढावे. बुडबुडा दिसला, तर सिरिंजवर टिचकी मारून तो वर आणावा, बाटलीतच परत ढकलावा आणि पुन्हा बरोबर ६ करावे. हे इथेच करावे लागते, कारण पुढे तशी सोय नाही. शेवटी एनपीएचच्या उलट्या बाटलीत सुई घालून दट्ट्या सावकाश २० च्या रेघेपर्यंत आणावा. हवा आधीच भरलेली असल्याने या वेळी दट्ट्या दाबायची गरज पडत नाही.

२० ऐवजी २२ भरले गेले, तर जास्तीचे बाटलीत परत ढकलण्याचा मोह होतो. पण सिरिंजमध्ये आता मिश्रण आहे. किती रेग्युलर गेले आणि किती एनपीएच, हे सांगता येत नाही, शिवाय बाटलीही बिघडते. सगळे टाकून नवीन सिरिंजने पहिल्यापासून सुरुवात करणे हाच उपाय. महाग वाटला तरी तोच करावा.

सर्वांत फसवी चूक आकड्यांच्या अदलाबदलीची. १४ रेग्युलर आणि ६ एनपीएच भरले, तरी एकूण २०च येतात, म्हणून सिरिंज पाहून चूक उमगत नाही. पहिले इन्सुलिन भरल्यावर थांबून चिठ्ठीतला आकडा पुन्हा वाचणे, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवणे, एवढाच त्यावरचा भरवसा. दुधाळ दिसणारे सगळे एनपीएच नसते, हेही ध्यानात ठेवावे. ३०/७० हे तयार मिश्रणही तसेच दिसते. एनपीएचच्या जागी त्याचे १४ युनिट घेतले, तर चार युनिटांहून जास्त रेग्युलर नकळत पोटात जाते असे नव्हे, शरीरात जाते, आणि जलद इन्सुलिन ६ ऐवजी १० च्या वर पोहोचते. ग्लार्जिन नितळ असले तरी ते आम्लधर्मी असते. ते कशातही मिसळायचे नाही.

भारतात आणखी एक धोका आहे. इथे यू-४० आणि यू-१०० अशा दोन तीव्रतांच्या बाटल्या मिळतात. पहिलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, दुसरीत १००. यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची, यू-१०० ची नारिंगी. यू-१०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात. उलट बाजूने, यू-४० चे औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर केवळ ८. म्हणून दोन्ही बाटल्या आणि सिरिंज एकाच तीव्रतेच्या आहेत का, हे दर नव्या खरेदीवेळी तपासावे.

जलद इन्सुलिन जास्त गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता साखर तपासावी आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. घाम, थरथर, भूक, गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय गाठावे. एनपीएच जास्त गेले असेल, तर धोका काही तासांनी येतो, म्हणून रात्रभर कुणीतरी जागे राहून मधून मधून तपासत राहावे लागते.