दोन पॉलिसी, एकच थप्पी

डिक्लेरेशन पॉलिसीवर या आठवड्यात लिहायचे ठरले होते, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. ॲव्हरेजवरचा लेख वाचून सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांनी पत्र पाठवले आहे. त्यांचा प्रश्न इतका मोलाचा आहे की तो चार ओळींत उरकला तर अन्याय होईल.

हे गृहस्थ आपली हळद दुसऱ्याच्या वखारीत ठेवतात आणि पोत्यामागे महिन्याचे भाडे भरतात. मालावर त्यांची स्वतःची फायर पॉलिसी आहे. वखारवाल्यानेही आपल्या ताब्यातल्या मालावर दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतलेली आहे. रात्री आग लागली आणि यांच्या चाळीस लाखांच्या थप्पीपैकी चोवीस लाखांचा माल गेला. आता यांची कंपनी म्हणते, ‘त्याच मालावर दुसरी पॉलिसी आहे, आम्ही आमच्या वाट्याचेच देणार.’ वखारवाल्याची कंपनी म्हणते, ‘मालकाचा विमा आहे ना, मग आधी त्यांनी द्यावे.’ मधल्या मध्ये व्यापारी दोन्हीकडे हेलपाटे घालतो आहे.

त्यांची कंपनी ज्या अटीवर बोट ठेवते, ती स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसीतली अकरावी अट, म्हणजे काँट्रिब्युशनची. ॲव्हरेजची दहावी, सब्रोगेशनची बारावी, अशा तिन्ही एका रांगेत बसलेल्या आहेत. अकरावी सांगते की नुकसानीच्या वेळी त्याच मालमत्तेवर दुसरा विमा चालू असेल, मग तो विमेदाराने घेतलेला असो किंवा दुसऱ्या कोणी, तर कंपनी आपल्या प्रमाणापुरतीच देईल. ‘दुसऱ्या कोणी’ हे शब्द वाचले की कंपनीचे म्हणणे बरोबरच वाटते. हळद एकच, आग एकच, पॉलिसी दोन. मग वाटणी का नको?

याचे उत्तर १८७७ साली लंडनमध्ये दिले गेले, आणि तो खटला मला फार आवडतो. बार्नेट नावाच्या धक्केवाल्यांची ‘किंग अँड क्वीन ग्रॅनरीज’ नावाची धान्याची कोठारे होती. रोडोकानाकी या व्यापाऱ्यांनी तिथे धान्य ठेवले होते. लंडनच्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे कोठारातल्या धान्याला आग लागली तर चूक कोणाचीही असो, भरपाई धक्केवाल्यानेच करायची. म्हणून बार्नेटने त्या धान्यावर विमा घेतला होता. व्यापाऱ्यांनीही आपला वेगळा विमा घेतला होता. आग लागली. बार्नेटच्या विमा कंपन्या म्हणाल्या, व्यापाऱ्यांच्या कंपन्यांनीही वाटा उचलावा. त्यांच्या पॉलिसीतली अट जवळजवळ आपल्या अकराव्या अटीच्याच शब्दांत होती, अगदी त्या ‘दुसऱ्या कोणी’सकट.

न्यायालयाने वाटणी नाकारली. आधी मास्टर ऑफ द रोल्स सर जॉर्ज जेसल यांनी आणि मग अपील न्यायालयाने सांगितले की अटीतली ‘तीच मालमत्ता’ म्हणजे धान्याचा ढीग नव्हे, त्या ढिगातला तोच हितसंबंध. व्यापाऱ्याने मालकीचा विमा काढला होता, धक्केवाल्याने जबाबदारीचा. एकाच माणसाचा एकच हितसंबंध दोनदा विमित असेल तरच काँट्रिब्युशन. दोन माणसांचे दोन हितसंबंध असतील तर प्रश्न वाटणीचा राहत नाही. शेवटी भरपाई कोणी करायची, एवढाच राहतो. जबाबदारी धक्केवाल्याची होती, म्हणून सगळा बोजा त्याच्या कंपन्यांवर गेला. व्यापाऱ्यांच्या कंपन्यांनी आधी पैसे दिले असते, तरी व्यापाऱ्यांच्या जागी उभे राहून त्यांना ते बार्नेटकडून वसूल करता आले असते. हे जागी उभे राहणे म्हणजेच सब्रोगेशन.

हीच फूटपट्टी सांगलीच्या वखारीला लावू. फरक एकच, पण मोठा आहे. लंडनचा तो रिवाज आपल्याकडे नाही. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याची १५१ आणि १५२ ही कलमे आहेत. साधारण शहाणा माणूस तशाच प्रकारच्या आपल्या स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी वखारवाल्याने घ्यायची. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर माल जळाला तरी तो जबाबदार नाही. मात्र काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार त्याच्यावर आहे, कारण आतले त्यालाच माहीत.

म्हणून सगळे आगीच्या कारणापाशी येऊन थांबते. अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि सर्व्हेअरचे निष्कर्ष या कागदांत ते सापडते. रात्री मेन स्विच बंद होत होता का? थप्पीला टेकून उघडी वायर गेली होती का? आग विझवण्याच्या नळकांड्यांवर रिफिलची तारीख कधीची होती? उत्तरे वखारवाल्याच्या विरोधात गेली, तर किंग अँड क्वीन ग्रॅनरीजचाच रस्ता: व्यापाऱ्याच्या कंपनीने व्यापाऱ्याला द्यायचे आणि वखारवाल्याकडून, म्हणजे त्याच्या पॉलिसीत जबाबदारी घेतलेली असेल तर पर्यायाने त्याच्या कंपनीकडून, वसूल करायचे. शेजारच्या कारखान्याची आग भिंत ओलांडून आली आणि वखारवाल्याकडून काहीच कसूर झाली नव्हती, तर बोजा व्यापाऱ्याच्या पॉलिसीवरच राहतो. दोन्ही वाटांवर ‘आमच्या वाट्याचेच देऊ’ हे उत्तर बसत नाही.

आता आकडे घेऊ. थप्पी चाळीस लाखांची होती, विमा तीस लाखांचाच. गेल्या आठवड्याचे ॲव्हरेज इथे लागते: चोवीस लाखांच्या नुकसानीचे तीन चतुर्थांश, म्हणजे अठरा लाख कंपनी देईल. सहा लाख व्यापाऱ्याच्या अंगावर पडतात. पण हे सहा लाख बुडालेले नाहीत. वखारवाला जबाबदार असेल तर तो चोवीसच्या चोवीस लाखांना जबाबदार आहे. ते सगळे वसूल झाले तर सहा व्यापाऱ्याचे, अठरा कंपनीचे.

समजा, तडजोडीत सोळाच लाख हाती आले, तर आधी कोणाचे? २०१० साली इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सब्रोगेशनचे प्रकार नीट वेगळे करून मांडले. नुसत्या न्यायतत्त्वावरचे सब्रोगेशन असेल तर विमेदाराची उरलेली तूट आधी भरायची आणि बाकीचे कंपनीला, म्हणजे सहा व्यापाऱ्याला आणि दहा कंपनीला. पण विमेदाराने लेखी पत्र दिलेले असेल तर त्या पत्रातल्या शर्तींप्रमाणे हिशेब होतो. क्लेमचा चेक देताना कंपनी जे ‘लेटर ऑफ सब्रोगेशन’ सहीसाठी पुढे करते ते हेच. त्यात वसुलीचा सगळा हक्क कंपनीला लिहून दिलेला असेल तर सोळाचे सोळा लाख कंपनीकडे जाऊ शकतात. चेक समोर असताना हा कागद कोणी वाचत नाही. तो वाचावा आणि विमा न मिळालेल्या रकमेवरचा आपला हक्क राखून ठेवल्याचे त्यात लिहून घ्यावे.

दुसरी चूक याहून महागात पडते. आग लागल्यावर वखारवाला भेटायला येतो, वर्षानुवर्षांचे संबंध असतात, तो म्हणतो, ‘दोन लाख देतो, विषय मिटवू,’ आणि व्यापारी ‘आता काही येणे नाही’ असे लिहून देतो. त्या क्षणी त्याने कंपनीचा वसुलीचा हक्कही संपवलेला असतो. बारावी अट सांगते की कंपनीच्या वसुलीसाठी जे आवश्यक ते विमेदाराने पैसे मिळण्याआधी आणि नंतरही करायचे. अशी पावती बाहेर आली की क्लेम अडतो आणि त्या वेळी कंपनीच्या हाती खरोखरच कारण असते.

मग खरे काँट्रिब्युशन कुठे भेटते? बहुतेक वेळा बँकेत. व्यापाऱ्याने माल तारण ठेवून कॅश क्रेडिट घेतलेले असते. बँक खात्याला प्रीमियम नावे टाकून त्याच्या नावाने पॉलिसी काढते, आणि त्याला ते लक्षात नसल्याने तो एजंटकडून दुसरी काढतो. इथे विमेदार तोच, हितसंबंध तोच, आग तीच. बँकेची पॉलिसी साठ लाखांची, स्वतःची चाळीसची, माल ऐंशीचा आणि नुकसान तीस लाखांचे धरा. एकटी असती तर ॲव्हरेज लागून पहिली साडेबावीस लाख देती आणि दुसरी पंधरा. दोन्ही मिळून साडेसदतीस होतात, पण नुकसान तीसच. म्हणून तीनास दोन या प्रमाणात अठरा आणि बारा. भरपाई नुकसानीइतकीच होते, दोनदा प्रीमियम भरला म्हणून दोनदा मिळत नाही.

यातला धोका असा की अकराव्या अटीमुळे प्रत्येक कंपनी आपला वाटाच देते. व्यापाऱ्याने एकाच कंपनीला कळवले आणि दुसरीची क्लेमची मुदत गेली, तर दुसरीचे बारा लाख पहिली भरून देत नाही. दोन्हीकडे त्याच दिवशी लेखी कळवावे आणि प्रत्येकीला दुसरीचा पॉलिसी नंबर द्यावा.

सांगलीच्या वाचकांना आता दोन कागद पाहायला सांगतो. पहिला वखारीचा. पोत्यांची पावती वखारवाल्याने दिली आहे, कुलूप त्याचे आहे आणि माल बाहेर काढताना त्याचा गेटपास लागतो, तर माल त्याच्या ताब्यात होता. वर सांगितलेले सगळे लागू. गाळाच भाड्याने घेऊन कुलूप स्वतःचे लावले असेल तर त्याने माल सांभाळायला घेतलाच नव्हता, आणि त्याच्यावरचा दावा बराच कमकुवत होतो.

दुसरा कागद वखारवाल्याची पॉलिसी. त्यात ‘ज्या मालाला विमेदार जबाबदार आहे’ असे शब्द असतील तर तो जबाबदारीचा विमा आहे. नुसते ‘विश्वस्त म्हणून ठेवलेला माल’ असेल, तर १८५६ च्या वॉटर्स विरुद्ध मोनार्क या इंग्लिश निकालाने वखारवाल्याला मालाची पूर्ण किंमत मिळवून दिली होती. आपल्या येण्यापलीकडचे पैसे त्याने मालकांसाठी सांभाळायचे. तशा पॉलिसीत मालकाचाही हितसंबंध आल्याचा मुद्दा निघू शकतो, आणि तेवढ्यापुरते वाटणीचे म्हणणे ऐकावे लागते. म्हणून त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि मालाचे वर्णन शब्दशः वाचा. वर्णन पहिल्या प्रकारचे असेल, तर तुमच्या कंपनीला लेखी कळवा की हितसंबंध वेगळे असल्याने अकरावी अट लागत नाही. त्यांना लिहा, ‘अठरा लाख पूर्ण द्या आणि बाराव्या अटीप्रमाणे वसुली करा, मी सहकार्य करीन.’

पुढच्या आठवड्यात डिक्लेरेशन पॉलिसी. व्यापाऱ्यांनी आपल्या गेल्या तीन महिन्यांच्या स्टॉक स्टेटमेंटच्या प्रती काढून ठेवाव्यात, आकडेमोड त्यावरच करायची आहे.